विश्लेषण : व्यापाऱ्याचा परवाना एका पत्राने रद्द! दाद मागताना कोणते दोन प्रश्न विचारायचे?

इंग्लंडमधील बार्न्सली या गावातल्या बाजारात हॅरी हूक नावाचा एक विक्रेता सहा वर्षे धंदा करत होता. त्याच्याविरुद्ध एकही तक्रार नव्हती. १६ ऑक्टोबर १९७४ रोजी, बुधवारी, साडेपाचला बाजार बंद झाला आणि सार्वजनिक शौचालयांनाही कुलपे लागली. सहा वाजून वीस मिनिटांनी हूकला लघवीला जायचे होते. तो शेजारच्या गल्लीत गेला. तिथे साफसफाई करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी त्याला हटकले, मग सुरक्षा अधिकारी आला आणि दोघांत शिवीगाळ झाली. शुक्रवारी बाजार व्यवस्थापकाने हूकला बोलावले. हूकने चूक मान्य करून माफी मागितली. तरीही त्याच दिवशी व्यवस्थापकाने पत्र लिहिले आणि हूकला त्या बाजारात धंदा करण्यास कायमची बंदी घातली.

हूकने नगरपरिषदेच्या समितीकडे दाद मागितली. समितीने त्याचे म्हणणे ऐकून घेतले. पण ज्या व्यवस्थापकाने बंदी घातली होती, तोच समितीबरोबर बसलेला होता. हूक आणि त्याचे प्रतिनिधी बाहेर गेल्यावरही तो आतच राहिला. बंदी कायम झाली. १९७६ मध्ये अपील न्यायालयात हे प्रकरण लॉर्ड डेनिंग आणि त्यांच्या सहकारी न्यायाधीशांसमोर आले आणि त्यांनी बंदी रद्द केली. शिक्षा अपराधाच्या मानाने फार मोठी होती, हे एक कारण. दुसरे आणि जास्त महत्त्वाचे कारण असे, की जो तक्रारदार आहे तोच निर्णयाच्या खोलीत बसू शकत नाही.

प्रशासकीय कायद्याच्या वर्गात हे प्रकरण अजून शिकवले जाते. कारण परवाना अचानक रद्द होण्याच्या बहुतेक तक्रारींत शेवटी दोनच प्रश्न कामाला येतात. निर्णय कोणी घेतला? आणि निर्णय घेणाऱ्याने त्याआधी काय सांगितले होते, किंवा आजवर तो कसा वागत आला होता? पहिल्या प्रश्नामागे पक्षपाताविरुद्धचा नियम आहे. दुसऱ्यामागे ‘रास्त अपेक्षे’चे तत्त्व आहे. वकील त्याला लेजिटिमेट एक्स्पेक्टेशन म्हणतात.

आपल्याकडच्या बाजारात असे घडले तर?

हे समजून घेण्यासाठी एक काल्पनिक प्रकरण घेऊ. समजा, एका तालुक्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत एक कांदा व्यापारी १४ वर्षे खरेदी करत आहे. त्याच्या परवान्याचे दरवर्षी नूतनीकरण होते आणि सध्याच्या परवान्याची मुदत ३१ मार्चपर्यंत आहे. दोन वर्षांपूर्वी समितीने सर्व व्यापाऱ्यांना एक परिपत्रक दिले होते. वजनाबाबत तक्रार आल्यास आधी काट्याची फेरतपासणी होईल, दोष आढळल्यास लेखी ताकीद मिळेल आणि त्यानंतर पुन्हा तक्रार आली तरच परवान्यावर कारवाई होईल, असे त्यात म्हटले होते.

सप्टेंबरमध्ये या व्यापाऱ्याविरुद्ध एक तक्रार येते. खळ्यावरच्या काट्यावर वजन कमी भरते, अशी. काटा तपासला जात नाही. आठ दिवसांनी व्यापाऱ्याच्या हातात सचिवांच्या सहीचे पत्र पडते : ‘समितीच्या सभेतील ठरावानुसार, सार्वजनिक हितास्तव आपला परवाना तत्काळ रद्द करण्यात येत आहे.’ दुसऱ्या दिवशी लिलावात त्याला बोली लावू दिली जात नाही. नंतर कळते, की ती तक्रार समितीच्याच एका संचालकाने पुढे आणली होती. तो व्यापारी गटातून निवडून आलेला आहे, त्याच यार्डात कांदा खरेदी करतो आणि ठराव झाला त्या सभेला हजरही होता.

व्यापारी वकिलाकडे जातो आणि म्हणतो, ‘माझ्यावर अन्याय झाला.’ वकिलाला मात्र हा अन्याय सुटा करून वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवावा लागतो. कारण प्रत्येक कप्प्यासाठी कायद्याकडे वेगळी किल्ली आहे आणि चुकीची किल्ली लावली तर कुलूप उघडत नाही.

हातातला परवाना आणि पुढचा परवाना यांत फरक काय?

१९७८ मध्ये इंग्लंडमध्ये मॅकिनेस विरुद्ध ऑन्सलो-फेन हा खटला झाला. मुष्टियुद्धाच्या खेळात व्यवस्थापकाचा परवाना मागणाऱ्या एका माणसाला नकार मिळाला होता. न्यायाधीश मेगॅरी यांनी या खटल्यात परवान्याच्या तक्रारींचे तीन गट पाडले. ही विभागणी आजही उपयोगी आहे.

पहिला गट, ज्याच्या हातात परवाना आहे आणि तो काढून घेतला जातो. त्याच्याकडून असलेले काहीतरी हिरावले जाते, म्हणून त्याला सर्वाधिक संरक्षण मिळते : आरोप काय आहे ते कळणे, उत्तर द्यायला वेळ मिळणे आणि निःपक्ष माणसासमोर बाजू मांडता येणे. दुसरा गट, ज्याचा परवाना संपत आला आहे आणि नूतनीकरण होईल असे मानायला त्याच्याकडे ठोस आधार आहे. इथे ‘रास्त अपेक्षा’ कामाला येते. तिसरा गट, जो पहिल्यांदाच अर्ज करत आहे. त्याला फार तर एवढेच मागता येते, की अर्जाचा विचार प्रामाणिकपणे आणि मनमानी न करता व्हावा. मॅकिनेस या तिसऱ्या गटात होता आणि तो हरला.

इंग्लंडचे निकाल भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नसतात. पण आपल्या न्यायालयांनी ही तत्त्वे स्वतःच्या निकालांतून स्वीकारली आणि पुढे नेली आहेत.

आपला कांदा व्यापारी पहिल्या गटात बसतो. परवान्याची मुदत संपायला सहा महिने असताना तो रद्द झाला. म्हणून ‘मला सुनावणी मिळायला हवी होती’ हे सांगण्यासाठी त्याला रास्त अपेक्षेचा आधार घेण्याची गरजच नाही. महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन (विकास व विनियमन) अधिनियम, १९६३ चे कलम ८ ते थेट सांगते. बाजार समिती परवाना निलंबित किंवा रद्द करू शकते, पण त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि परवानाधारकाला कारणे दाखवण्याची वाजवी संधी द्यावी लागते. कोणत्या कारणांसाठी रद्द करता येईल तेही त्याच कलमात आहे : फसवणुकीने परवाना मिळवणे, परवान्याच्या अटींचा भंग करणे, इतरांशी संगनमत करून बाजार बंद पाडणे, दिवाळखोरी वगैरे. ‘सार्वजनिक हितास्तव’ एवढ्या एका शब्दाने यातली कोणतीच अट पूर्ण होत नाही.

अनेक अर्जांत इथेच चूक होते. ‘चौदा वर्षे नूतनीकरण झाले, म्हणून माझी रास्त अपेक्षा होती’ या मुद्द्यावर पानेच्या पाने खर्च होतात आणि कलम ८ ची संधी मिळाली नाही, हा पक्का मुद्दा शेवटच्या परिच्छेदात दबून जातो.

मग रास्त अपेक्षा कुठे उपयोगी पडते?

ती परिपत्रकाच्या बाबतीत उपयोगी पडते. कलम ८ म्हणते की संधी द्या. ती कोणत्या टप्प्यांनी द्यायची, हे ते सविस्तर सांगत नाही. ते टप्पे समितीने स्वतःच परिपत्रकात लिहून दिले होते : फेरतपासणी, ताकीद, मग कारवाई. व्यापाऱ्याने त्यावर विसंबून आपला व्यवहार ठेवला. आता समिती ते टप्पे गुपचूप ओलांडू शकते का?

१९७२ मधले लिव्हरपूलच्या टॅक्सीमालकांचे प्रकरण याच्या अगदी जवळचे आहे. त्या शहरात टॅक्सीचे परवाने ३०० पर्यंत मर्यादित होते. परवान्यांची संख्या वाढवण्याआधी टॅक्सीमालकांना विश्वासात घेतले जाईल, असे महापालिकेने सांगितले होते आणि एका समितीच्या अध्यक्षांनी जाहीर आश्वासनही दिले होते. नंतर महापालिकेने त्यांना न विचारता संख्या वाढवण्याचा निर्णय घेतला. अपील न्यायालयाने तो अडवला. संख्या कधीच वाढवता येणार नाही, असे मात्र न्यायालयाने म्हटले नाही. शब्द दिला होता, तेव्हा तो मोडण्याआधी त्या लोकांचे ऐका आणि मोडण्याइतके मोठे सार्वजनिक कारण आहे का ते तपासा, एवढाच निकालाचा अर्थ होता.

रास्त अपेक्षेचे मोजमाप यातून कळते. ती बसते दोन गोष्टींवर : अधिकार असलेल्या व्यक्तीने दिलेले स्पष्ट आश्वासन, किंवा बराच काळ न चुकता पाळलेली पद्धत. बाजार समितीचे सही-शिक्क्याचे परिपत्रक पहिल्या प्रकारात येते. ‘सभापती चहा पिताना म्हणाले होते’ हे येत नाही. शिवाय आश्वासन कायद्याच्या विरोधात असून चालत नाही. उदाहरणार्थ, परवाना नसतानाही खरेदी करू देऊ, असे समितीने लेखी दिले असते तरी त्यावर कोणाची रास्त अपेक्षा उभी राहिली नसती, कारण तसे आश्वासन देण्याचा अधिकारच समितीला नाही.

भारतात याची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये फूड कॉर्पोरेशन ऑफ इंडिया विरुद्ध कामधेनू कॅटल फीड या निकालात स्पष्ट केली. महामंडळाने खराब झालेल्या धान्यासाठी निविदा मागवल्या होत्या. सर्वाधिक बोली लावणाऱ्याला वाटले की माल आता आपलाच. महामंडळाने मात्र सर्व निविदाकारांशी वाटाघाटी केल्या आणि दुसऱ्याकडून बरीच जास्त किंमत मिळवली. न्यायालयाने महामंडळाच्या बाजूने निकाल दिला. रास्त अपेक्षा हा स्वतःच्या जोरावर वसूल करता येईल असा हक्क नाही, असे त्यात म्हटले आहे. पण त्याच निकालात असेही म्हटले आहे, की अशा अपेक्षेचा विचारच न करणे निर्णयाला मनमानी ठरवू शकते. म्हणजे अधिकाऱ्याने ती अपेक्षा तराजूत घालून तोलायला हवी. तोलल्यावर सार्वजनिक हिताचे पारडे खरोखर जड निघाले, तर अपेक्षा हरू शकते.

आपल्या व्यापाऱ्याच्या प्रकरणात समितीने तराजू हातातच घेतलेला नाही. ठरावात परिपत्रकाचा उल्लेख नाही. ‘शेतकऱ्यांची फसवणूक तातडीने थांबवणे गरजेचे असल्याने परिपत्रकातील टप्पे या वेळी बाजूला ठेवत आहोत’ असे एक वाक्य जरी कारणांसह असते, तरी वाद वेगळा झाला असता. ते वाक्य नाही, म्हणून व्यापाऱ्याचा मुद्दा भक्कम आहे.

चौदा वर्षांच्या नूतनीकरणाचे काय? तो मुद्दा ३१ मार्चला उपयोगी पडेल. तेव्हा समितीने कारण न देता, न ऐकता नूतनीकरण नाकारले तर व्यापारी मेगॅरींच्या दुसऱ्या गटात बसेल. मात्र तेव्हाही ‘दरवर्षी देत आलात, म्हणून आता द्याच’ असे त्याला म्हणता येणार नाही. ‘दरवर्षी देत आलात, तेव्हा यंदा का नाही ते सांगा आणि माझे ऐका’ असे म्हणता येईल.

निर्णय घेणारा कोण होता?

आता दुसरा कप्पा. मी इंजिनीअरिंगला असताना तोंडी परीक्षेला आमच्या सरांबरोबर दुसऱ्या कॉलेजचे परीक्षक यायचे. आमचे सर पक्षपाती होते म्हणून नाही. ज्याने वर्षभर शिकवले, भांडण केले किंवा लाड केले, त्याच्या एकट्याच्या हातात गुण असू नयेत म्हणून. पक्षपाताविरुद्धचा नियम नेमका हेच म्हणतो. निर्णय घेणाऱ्याच्या मनात खरोखर काय होते, हे न्यायालय शोधत बसत नाही, कारण ते सिद्ध करणे जवळपास अशक्य असते. बाहेरून पाहणाऱ्या समंजस माणसाला पक्षपाताची खरीखुरी शक्यता दिसते का, एवढेच ते पाहते.

पैशाचा संबंध असेल तर नियम आणखी कडक होतो. १८५२ मधील डाइम्सच्या खटल्यात खुद्द लॉर्ड चॅन्सेलर कॉटनहॅम यांनी एका कालवा कंपनीच्या बाजूने निकाल दिला होता आणि त्याच कंपनीचे शेअर त्यांच्या नावावर होते. त्यांनी पक्षपात केला असे कोणीच म्हणत नव्हते. तरी निकाल रद्द झाला.

आपल्याकडचा सर्वांत महत्त्वाचा निकाल १९६९ मधला आहे : ए. के. क्रैपक विरुद्ध भारत सरकार. भारतीय वन सेवेसाठी जम्मू-काश्मीरमधून अधिकारी निवडायचे होते. निवड मंडळावर राज्याचे प्रभारी मुख्य वनसंरक्षक होते आणि ते स्वतःच उमेदवारही होते. त्यांच्या नावाचा विचार झाला तेव्हा ते बाजूला झाले. पण त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या नावांचा विचार झाला आणि गुणानुक्रमाची यादी ठरली, तेव्हा ते बसलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने ती निवड रद्द केली. स्वतःच्या नावापुरते खोलीबाहेर जाणे पुरेसे नाही, स्पर्धकाबद्दल बोलणे म्हणजेही स्वतःबद्दल बोलणेच, असा त्याचा मथितार्थ.

हे मोजमाप आपल्या प्रकरणाला लावून पाहू. व्यापारी गटाचा तो संचालक तीन नात्यांनी या निर्णयाशी जोडलेला आहे. त्याने तक्रार पुढे आणली, म्हणजे तो तक्रारदार आहे. तो त्याच यार्डात कांदा घेतो, म्हणजे एक खरेदीदार कमी झाला तर लिलावात त्याचा फायदा होऊ शकतो. आणि तो सभेत हजर होता, म्हणजे तो निर्णय घेणारा आहे. यातली पहिली आणि तिसरी भूमिका एकत्र आली, तरी हूकच्या प्रकरणातला दोष उभा राहतो. दुसरी भूमिका मिळाली की क्रैपकही लागू होते.

इथे एक बारकावा आहे. फक्त ‘तो व्यापारी आहे’ एवढ्यावर आक्षेप टिकणार नाही. बाजार समितीच्या १८ जणांच्या रचनेत १५ प्रतिनिधी शेतकऱ्यांचे, २ व्यापारी-अडत्यांचे आणि १ हमाल-मापाड्यांचा असतो. व्यापारी प्रतिनिधी तिथे असावेत ही कायद्याचीच योजना आहे. म्हणून व्यवसाय एकच असणे हा दोष नाही. या विशिष्ट प्रकरणात त्याचा वैयक्तिक संबंध काय, ते दाखवावे लागते.

त्याने मतदान केले नाही, तो गप्प बसून होता, असे समिती म्हणाली तर? हूकचा बाजार व्यवस्थापक तर समितीचा सदस्यही नव्हता. तो खोलीत होता, एवढेच न्यायालयाला पुरले. म्हणून सभेच्या इतिवृत्तात ‘सदर विषयावेळी अमुक संचालक सभागृहाबाहेर गेले’ अशी नोंद आहे की नाही, हा या प्रकरणातला बहुधा सर्वांत मोलाचा कागद ठरतो.

समिती बचाव काय करेल?

पहिला बचाव : ‘कायद्याने हा अधिकार फक्त आम्हालाच दिला आहे, दुसरे कोण निर्णय घेणार?’ याला अपरिहार्यतेचे तत्त्व म्हणतात. ते खरे आहे, पण अरुंद आहे. १९८४ मध्ये जे. महापात्र विरुद्ध ओडिशा राज्य या प्रकरणात शाळांच्या ग्रंथालयांसाठी पुस्तके निवडणाऱ्या समितीवर काही लेखकच होते आणि त्यांचीच पुस्तके निवडली गेली होती. तिथे हा बचाव टिकला नाही, कारण त्या सदस्यांच्या जागी दुसरे नेमता आले असते. आपल्या प्रकरणात तर कोणाला नेमायचीही गरज नाही. एक संचालक बाहेर गेला असता तरी उरलेल्यांना सभा चालवता आली असती.

दुसरा बचाव : ‘सुनावणी दिली असती तरी निकाल हाच लागला असता.’ याकडे गांभीर्याने पाहायला हवे. २०२० मध्ये उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध सुधीर कुमार सिंह या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की सुनावणी न मिळाल्याने प्रत्यक्ष काही नुकसान झाले का, हेही पाहिले जाईल. म्हणून ‘मला ऐकले नाही’ एवढेच अर्जात लिहून थांबू नये. ‘ऐकले असते तर मी काट्याच्या पडताळणीचे प्रमाणपत्र दाखवले असते, त्या दिवशीच्या हिशोबपट्ट्या दाखवल्या असत्या, फेरतपासणीची मागणी केली असती’ असे नेमके लिहावे. ज्याच्याकडे दाखवायला काहीच नाही, त्याची बाजू इथे लंगडी पडते.

तिसरा बचाव न्यायालयातल्या प्रतिज्ञापत्रात येतो. पत्रात फक्त ‘सार्वजनिक हित’ होते, पण प्रतिज्ञापत्रात अचानक जुन्या तक्रारी, थकलेली बाजार फी, उद्धट वर्तन असे सगळे अवतरते. मोहिंदरसिंग गिल विरुद्ध मुख्य निवडणूक आयुक्त या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच तपासला जाईल. नंतर नवी कारणे जोडून तो सावरता येणार नाही.

चौथा बचाव व्यापाऱ्याच्या स्वतःच्या चुकीतून जन्मतो. १९५७ च्या माणकलाल विरुद्ध डॉ. प्रेमचंद या प्रकरणात एका वकिलाच्या गैरवर्तनाची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकरणाचे अध्यक्ष पूर्वी तक्रारदाराचे वकील म्हणून उभे राहिले होते. त्यांनी बसायला नको होते, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. तरीही माणकलाल हरले. त्यांना हे आधीपासून माहीत होते आणि त्यांनी वेळेवर आक्षेप घेतला नाही. निकाल विरोधात गेल्यावर पक्षपात आठवणे न्यायालयाला चालत नाही. म्हणून सुनावणीला बोलावले गेले आणि समोर तोच संचालक दिसला, तर पहिल्याच मिनिटाला लेखी आक्षेप द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि ‘आक्षेप राखून’ बाजू मांडावी.

दाद कुठे मागायची?

पहिली पायरी अपिलाची आहे. १९६३ च्या अधिनियमाचे कलम ९ परवाना रद्द करण्याच्या आदेशाविरुद्ध पणन संचालकांकडे अपिलाची सोय देते. प्रत्यक्षात ते अधिकार सहकार खात्यातील दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवलेले असू शकतात. अपिलाला मुदत असते, म्हणून पत्र हातात पडले त्या तारखेची नोंद ठेवणे महत्त्वाचे. अपिलाबरोबर स्थगितीचा अर्जही द्यावा लागतो, नाहीतर अपील चालू असेपर्यंत लिलावाचा हंगाम निघून जातो. ठरावाची आणि इतिवृत्ताची प्रमाणित प्रत समितीकडे लेखी मागावी. न दिल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज करावा.

थेट उच्च न्यायालयात जाता येते का? राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली जाता येते, पण अपिलाची सोय असताना न्यायालय सहसा आधी तिकडे पाठवते. १९९८ च्या व्हर्लपूल निकालात याचे अपवाद सांगितले आहेत आणि नैसर्गिक न्यायाचा भंग हा त्यातला एक आहे. नोटीसच दिली नाही, तक्रारदारच निर्णयात बसला, अशा उघड प्रकरणात हा अपवाद मागता येतो. वजन खरेच कमी भरत होते का, असा तथ्याचा वाद असेल तर मात्र अपिलाचा मार्गच योग्य.

जिंकल्यावर काय मिळते?

इथे अनेकांची निराशा होते. परवाना रद्द करण्याचा आदेश या दोन मुद्द्यांवर रद्दबातल झाला, तर व्यापारी निर्दोष ठरला असा त्याचा अर्थ होत नाही. प्रकरण पुन्हा समितीकडे जाते. या वेळी नोटीस द्यावी लागते, परिपत्रकातली फेरतपासणी करावी लागते किंवा ती का करत नाही ते सांगावे लागते आणि तो संचालक बाहेर बसतो. त्यानंतर काट्यात खरोखर खोट निघाली, तर परवाना पुन्हा आणि या वेळी टिकेल अशा रीतीने रद्द होऊ शकतो.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर हेच बरे. ज्याचा माल कमी तोलला जातो, त्याला घाईत काढलेल्या पत्राचा काही उपयोग नाही. ते पत्र न्यायालयात पडते आणि खोटा काटा असलेला व्यापारी स्थगिती घेऊन पुन्हा लिलावात उभा राहतो. काटा तपासून, पंचनामा करून, नोटीस देऊन आणि स्पर्धकाला खोलीबाहेर ठेवून घेतलेला निर्णय काही दिवस उशिरा येतो, पण तो पडत नाही. आपल्या काल्पनिक समितीने स्वतःच्याच परिपत्रकातले तीन टप्पे पाळले असते, तर त्या काट्यात खरेच खोट होती की नाही, हे आज सगळ्यांना माहीत असते. आता ते कोणालाच माहीत नाही.